फोटोओळ: एका फेरीत एकच गोष्ट बदलून बघतेय, जरा मदत हवी

शिवारकडची

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये या पावसाळ्यात जुन्या-नव्या छायाचित्रांचं प्रदर्शन आहे. प्रत्येक फोटोखाली एक पट्टी लागणार. वर मराठी ओळ, तिच्याखाली कन्नड, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात गाव आणि महिना. पट्टीच्या मापामुळे मराठीला दोनच ओळी आहेत आणि एका ओळीत साधारण २८ अक्षरं बसतात.

बाकीच्या फोटोंचं जमलंय, एकावर अडलंय. फोटो कृष्णधवल आहे. बांधावरून, समोरून काढलेला. पाच बायका एका रांगेत वाकलेल्या, पोटऱ्यांपर्यंत चिखलात. डोक्यावरून पाठीवर प्लास्टिकच्या खोळा. त्यांच्या आणि आपल्या मधे रोपांच्या ओळी, त्यांच्या पाठीमागे नुसतं पाणी, आणि पार मागे राजहंसगडाची धूसर टेकडी. बांधावर रोपांच्या पेंड्या पडलेल्या आहेत.

समितीकडून आलेली ओळ अशी:

"येळ्ळूरच्या शिवारात भातपेरणीत मग्न असलेल्या महिला"

मला ती जड वाटते. सगळी ओळ एकदम बदलली की नवीन ओळ बरी की वाईट एवढंच कळतं, कशामुळे ते कळत नाही. म्हणून एका फेरीत एकच गोष्ट बदलायची ठरवलंय: एकदा पहिला शब्द, एकदा शेवट, एकदा लय. सुरुवात कुठून करू?

निपाणीचा_फोटोवाला

ताई, सोपं आहे. "बळीराजाची लेक", "कष्टाला पर्याय नाही", "मातीशी नातं घट्ट आमचं". यातलं कुठलंही टाका, खाली चार-पाच हॅशटॅग द्या. माझ्या स्टुडिओच्या पेजवर असल्या ओळींना चांगला प्रतिसाद असतो.

शिवारकडची

दादा, ही भिंतीवरची पट्टी आहे, पेजवर जाणार नाही. आणि तुमच्या तिन्ही ओळी ऊसतोडीच्या फोटोखालीही चालतील. मला या एकाच फोटोखाली बसेल अशी हवी.

मलप्रभाकाठ

शब्दांचं नंतर बघा. आधी चूक काढा. ही पेरणी नाही ओ, लावण आहे. आमच्या खानापूर भागात पेरणी म्हणजे कुरीनं कोरड्या रानात धूळवाफ पेरतात ती. तिथं चिखल नसतो, पेंड्या नसतात आणि बायका अशा रांगेत वाकत नाहीत. तुमच्या फोटोत तरवा उपटून, पेंड्या बांधून आणलेल्या दिसतात. आम्ही त्याला नट्टी म्हणतो, तुमच्याकडंही म्हणत असतील. पेरणी लिहिलं तर येळ्ळूरचाच माणूस पट्टीसमोर उभा राहून हसेल.

जुना_उपसंपादक

मलप्रभाकाठ यांनी पहिलं काम केलं. लय, शेवट, पहिला शब्द हे सगळं खऱ्या ओळीवर करायचं असतं. नाहीतर चुकीचं वाक्य गोड होत जातं आणि मग ते मोडवत नाही. मी बरीच वर्षं डेस्कवर फोटोओळी लिहिल्या, त्यावरून थोडं सविस्तर सांगतो.

तथ्याची दुरुस्ती झाली की गाव वरून उचला आणि खालच्या बारीक ओळीत टाका. "येळ्ळूर, जुलै" तिथं येणारच आहे. मग तुमच्याकडे उरतं "भाताची लावण करणाऱ्या महिला". आता हे वाचून फोटो बघा. ओळीत असं काय आहे जे फोटोत नाही? काहीच नाही. लावण दिसते, बायका दिसतात. अशा ओळीचा पहिला शब्द बदला, शेवट बदला, लय बदला, हाती काही लागणार नाही. एकेक शब्द बदलत जाणं म्हणजे शेतातल्या बांधावर चढून सगळ्यात उंच जागा सापडली म्हणण्यासारखं आहे. राजहंसगड चढायचा असेल तर आधी बांधावरून खाली उतरावं लागतं. तेव्हा पहिल्यांदा एक नवीन वाक्य लिहा आणि एकेक बदल त्यानंतर करा.

नवीन वाक्यासाठी एकच प्रश्न स्वतःला विचारा. तुम्ही तिथं बांधावर उभ्या असता तर काय बघितलं असतं, जे या थिजलेल्या फोटोत येऊ शकत नाही? वास, आवाज, हालचाल, आधी काय झालं, नंतर काय होणार. यातली एक गोष्ट निवडा.

शिवारकडची

हालचाल. लावण करताना बायका पुढं नाही, मागं सरतात. एक ओळ लावली की एक पाऊल मागं, परत वाकायचं. पुढं गेलं तर लावलेलं रोप तुडवलं जाईल. फोटोत पाठीमागे पाणी आणि समोर ओळी आहेत त्या याचमुळे, पण ज्यानं लावण बघितली नाही त्याला ते कळणार नाही. तर हे नवीन वाक्य:

"महिला मागे सरकत जातात आणि त्यांच्यासमोर शेत हिरवे होत जाते"

जुना_उपसंपादक

आता पाया मिळाला. आज याला हात लावू नका. वहीत लिहा, खाली जागा सोडा. प्रत्येक फेरीत बदललेल्या शब्दाखाली रेघ मारा आणि आधीची ओळ खोडू नका. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर पहिल्या फेरीतला शब्द परत हवासा वाटतो, तेव्हा तो सापडला पाहिजे.

क्रम माझा असा असतो: आधी पहिला शब्द, मग शेवट, आणि लय सगळ्यात शेवटी. कारण पहिला शब्द किंवा शेवट हलवला की लय आपोआप मोडते. आधी लय बसवली तर ती प्रत्येक वेळी परत बसवावी लागते.

शाहपूरचा_वाचक

पहिल्या शब्दाबद्दल एक विचारतो. "महिला" मधे वाईट काय आहे? फोटो त्यांचाच आहे ना?

जुना_उपसंपादक

त्यांचाच आहे, म्हणूनच. माणूस पट्टीकडे येतो तेव्हा त्याची नजर फोटोतल्या माणसांवर एकदा पडून गेलेली असते. पट्टीवरचा पहिला शब्द त्या नजरेला परत फोटोत पाठवतो, आणि कुठे पाठवायचं ते तोच ठरवतो. "महिला" वाचून नजर जिथं होती तिथंच राहते. "मागे" वाचलं की ती पायांकडे किंवा पाठीमागच्या पाण्याकडे जाते.

शिवारकडची

पहिल्या शब्दाची फेरी केली. दोन रूपं निघाली.

"मागे सरकत जातात महिला आणि त्यांच्यासमोर शेत हिरवे होत जाते"

"मागे सरकत जातात आणि त्यांच्यासमोर शेत हिरवे होत जाते"

पहिल्यात क्रियापदानंतर "महिला" आल्यामुळे ओळ कवितेसारखी बोलायला लागली, ते मला नको. दुसऱ्यात महिला गेल्याच. पण मग हे दोन बदल झाले का? एक शब्द हलवला आणि एक काढला.

वृत्तप्रेमी

दोनच झाले. तुमचा नियम तुम्हीच मोडलात.

जुना_उपसंपादक

मी याला एकच म्हणेन. पहिला शब्द हाच कर्ता होता, तो तिथून काढला तर त्याला दुसरी जागा देणं किंवा न देणं एवढेच मार्ग होते. मराठीत क्रियापदच सांगतं की करणाऱ्या अनेक आहेत, आणि कोण ते फोटो सांगतो. पण चाचणी घ्या. कागदाच्या तुकड्यावर ओळ लिहा, फोटोखाली चिकटवा आणि ज्यानं आधीची रूपं बघितली नाहीत अशा माणसाला दाखवा. "कोण जातात?" असं त्यानं विचारलं तर कर्ता परत घ्या.

शिवारकडची

सासूबाईंना आणि शेजारच्या काकूंना दाखवलं. फोटोसकट दाखवलं तेव्हा कुणी विचारलं नाही. काकूंनी तर लगेच बोट ठेवून दाखवलं, ही बघ हिचं पाऊल उचललेलंय. ते उचललेलं पाऊल मी इतके दिवस फोटो बघूनही पाहिलं नव्हतं. नुसता कागद भाच्याला दिला तर तो म्हणाला, "कोण? गुरं?" पट्टी फोटोशिवाय कुणी वाचणार नाही, म्हणून महिला काढल्या.

जुना_उपसंपादक

काकूंचं बोट पायावर गेलं, म्हणजे पहिला शब्द बसला. आता तो बंद. शेवटाकडे या.

शिवारकडची

शेवट मला असा खुपतो की "जातात" आणि "जाते" एकाच वाक्यात दोनदा आलंय. सगळ्यात सोपा बदल म्हणून "जाते" काढलं:

"मागे सरकत जातात आणि त्यांच्यासमोर शेत हिरवे होते"

मलप्रभाकाठ

आता ते वाळलं काय?

शिवारकडची

म्हणजे?

मलप्रभाकाठ

"शेत हिरवे होते" वाचलं की पहिल्यांदा मनात येतं, कधीतरी हिरवं होतं, आता नाही. माझ्या बायकोनंही तसंच वाचलं.

जुना_उपसंपादक

बरोबर. हा सापळा फोटोओळीत नेहमी लागतो, कारण तिथं मागेपुढे दुसरं वाक्य नसतं. बातमीत "होते" चा काळ आजूबाजूच्या वाक्यांवरून कळतो, पट्टीवर ती सोय नाही. बोलीतलं "होतं" केलं तरी तोच घोळ.

आणि मराठी वाक्याचा कल असा की शेवटची जागा क्रियापदाकडे जाते, त्यात पुष्कळदा आहे, होते, जाते असले हलके शब्द येऊन बसतात. वाचणारा थांबतो तो नेमका तिथंच. त्या जागी काम करणारा शब्द हवा. सुटकेचा एक मार्ग म्हणजे नामावर संपवणं, "समोर हिरवे शेत". ते मी टाळतो. सगळ्याच पट्ट्या नामावर संपल्या की हॉलभर सामानाची यादी लावल्यासारखं वाटतं. क्रियापदच ठेवा, पण वजनाचं.

दोन्हीकडचा

"उरते" कसं वाटतं? "त्यांच्यासमोर हिरवे शेत उरते."

शिवारकडची

"उरते" चांगलं आहे, पण त्यासाठी "हिरवे" आणि "शेत" यांची जागा बदलावी लागते. आणि उरणं म्हणजे संपल्यानंतर राहिलेलं, इथं तर सुरुवात आहे. मी हे करून बघितलं:

"मागे सरकत जातात आणि त्यांच्यासमोर शेत हिरवे होत येते"

एकच शब्द बदलला, "जाते" चं "येते". आता जातात आणि येते समोरासमोर आलेत.

जुना_उपसंपादक

हे घ्या. "होत येते" मधे हळूहळू आहे, आणि "होते" चा घोळही गेला. आता लय.

वृत्तप्रेमी

लयीचं मी सांगतो, कारण त्याला मोजमाप आहे. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मधला "आणि त्यांच्या" काढून स्वल्पविराम दिला असं धरू. "मागे सरकत जातात" यात १३ मात्रा होतात आणि "समोर शेत हिरवे होत येते" यात १८. दोन्ही पारडी असमान. १६-१६ केलं की ओळ चालायला लागेल:

"मागे सरकत सरकत जाती
समोर हिरवे हिरवे होई"

निपाणीचा_फोटोवाला

हे भारी आहे! पाठ होतंय लगेच.

शिवारकडची

पाठ होतंय हे खरं. माझ्या मुलीनं टाळ्या वाजवत म्हटलं. फोटोकडे मात्र बघितलं नाही.

जुना_उपसंपादक

वृत्तप्रेमींचं मोजणं बरोबर आहे, निष्कर्ष मला पटत नाही. दोन कारणं सांगतो.

पहिलं असं की वृत्तात आपण लिहिलेली अक्षरं मोजतो आणि म्हणतानाही ती पूर्ण उच्चारतो. पट्टी मात्र माणूस मनात, बोलल्यासारखी वाचतो, आणि बोलताना मराठीत शेवटचा अ, आणि कधी मधलाही, गिळला जातो. "सरकत" वृत्तात चार लघू आहेत, बोलताना ते "सर्कत्" होतं, दोनच ठोके. "जातात" मधला शेवटचा "त" असाच जातो. म्हणजे कागदावरची १३ कानाला तेवढी लागतच नाही.

दुसरं, दोन्ही भाग समान झाले की ओळ स्वतःपुरती पूर्ण होते. घोषवाक्याला ते हवंच असतं, कारण ते एकटं लक्षात राहायचं असतं. फोटोओळीनं एकटं राहू नये, तिनं वाचणाऱ्याला फोटोकडे परत ढकलावं. म्हणून मी दुसरा भाग पहिल्यापेक्षा थोडा लांबच ठेवतो, तिथं वाचणारा रेंगाळतो.

मोजणं टाकाऊ नाही. आकडे असमान आले की कुठेतरी अडखळ असू शकते एवढं कळतं. अडखळ कुठे आहे ते मात्र मोठ्यानं वाचूनच सापडेल.

वृत्तप्रेमी

शेवटचा अ गिळला जातो हे मान्य. समान भाग म्हणजे घोषवाक्य हे मान्य नाही. ओव्या समान चरणांच्याच असतात आणि जात्यावर बायकांनी त्यातच सगळं दुःख सांगितलं.

जुना_उपसंपादक

ओवीचे पहिले तीन चरण साधारण सारखे असतात, पण चौथा बहुधा आखूड असतो. तो आखूड चरणच थांबायला लावतो. खरं तर तुमचं उदाहरण माझ्या बाजूनं बोलतंय.

वृत्तप्रेमी

चार चरणी ओवीचं तसं आहे. यावर वेगळा धागा काढू, इथं ताईंचं काम अडतंय.

शिवारकडची

मोठ्यानं वाचलं. अडखळ "आणि त्यांच्यासमोर" पाशी आहे, तिथं जीभ जोडाक्षरावर चढते. ते काढून नुसता स्वल्पविराम आणि "समोर":

"मागे सरकत जातात, समोर शेत हिरवे होत येते"

अजून दुसऱ्या भागात तुकडे फार वाटतात. शेत, हिरवे, होत, येते, सगळे छोटे. "शेत" काढलं तर?

"मागे सरकत जातात, समोर हिरवे होत येते"

मलप्रभाकाठ

"सरकत" पण जरा बघा. खुर्ची सरकते, कपाट सरकतं. माणूस मागं सरतो.

शिवारकडची

घेतलं. आणि तुम्ही "मागं" लिहिता ते बघून वाटलं, ही ओळ मागं, हिरवं, येतं अशीच असावी. पट्टीवर चालेल का? ही वेगळी फेरी धरते.

"मागं सरत जातात, समोर हिरवं होत येतं"

शाहपूरचा_वाचक

आमच्या समितीत असतं तर यावर तासभर वाद झाला असता. वाचनालयाच्या पट्टीवर प्रमाण भाषा हवी असं म्हणणारे असतीलच. मला स्वतःला आवडलं.

दोन्हीकडचा

कन्नड ओळीचं सांगतो. ही मराठी ओळ कन्नडमध्ये शब्दाला शब्द लावून उतरवू नका. कन्नड सरांना नुसता फोटो दाखवा आणि हाच प्रश्न विचारा, बांधावर काय दिसलं असतं जे इथं नाही. नट्टी त्यांनीही बघितलेली आहे, त्यांची ओळ त्यांच्या चालीनं येईल. गाव-महिना दोघांना एकच.

शिवारकडची

हे पटलं. सरांना उद्याच फोटो देते.

मलप्रभाकाठ

खरं एक सांगू काय, राग मानू नका. "हिरवं होत येतं" हे त्या दिवशी होत नाही. तरव्यातनं उपटलेलं रोप चिखलात लावलं की ते मलूल होतं, पिवळं पडतं. मुळं धरायला आठवडा-दहा दिवस जातात, मग हिरवं होतं. लावणीच्या दिवशी मागं सरत गेलं की समोर दिसतात त्या पातळ ओळी आणि मधे चिखलाचं पाणी. बांधावर उभा राहिलेला माणूस त्याला हिरवं म्हणणार नाही.

जुना_उपसंपादक

हे महत्त्वाचं आहे. मी स्वतः हे पकडू शकलो नसतो. लय बसल्यावर तथ्य परत एकदा तपासायचं असतं, कारण शब्द काढता काढता अर्थ सरकतो. पहिल्या वाक्यात "शेत हिरवे होत जाते" होतं, त्यात दिवस जाण्याला थोडी जागा होती. आता "मागं सरत जातात" ला लागूनच "हिरवं होत येतं" आलं, त्यामुळे दोन्ही एकाच तासात घडतंय असं वाटतं.

शिवारकडची

मग हिरव्याच्या जागी काय? समोर ओळी लागतात, समोर रोप उभं राहतं... थांबा.

"मागं सरत जातात, समोर शिवार उभं राहतं"

शाहपूरचा_वाचक

अंगावर काटा आला. पाच बायका वाकलेल्या आणि शिवार उभं.

मलप्रभाकाठ

हे खरं आहे. रोप त्याच दिवशी उभं राहतं, पिवळं असलं तरी.

वृत्तप्रेमी

१२ आणि १६ मात्रा. समान नाहीत. तरी म्हणून बघितलं, अडखळत नाही.

जुना_उपसंपादक

ओळ चांगली आहे, पण सहीचं पेन अजून उघडू नका. एक गोष्ट कुणी बोललं नाही. फोटो कृष्णधवल आहे. "हिरवं" हा त्या अख्ख्या पट्टीवरचा एकमेव रंग होता, जो फोटो देऊ शकत नव्हता. तुम्ही स्वतःला विचारलेल्या प्रश्नाचं तेही एक उत्तर होतं. "उभं" हे मात्र फोटोत थोडंफार दिसतं, रोपं उभी आहेतच. शिवाय "शिवार उभं राहतं" मधे एक मोठेपणा आहे. तो या बायकांना शोभतो, पण अशी वाक्यं पट्टीवर सुविचारासारखी वाजण्याचा धोका असतो.

शिवारकडची

पण काका, "हिरवं" खोटं पडतंय ना? मलप्रभाकाठांनी सांगितलंच.

जुना_उपसंपादक

"होत येतं" मुळे पूर्ण खोटं नाही. फोटोखालची ओळ त्या क्षणापुरतीच बोलते असा नियम नाही. पण ज्यांनी नट्टी केलीय ते अडखळणार असतील तर त्यांचं मत माझ्यापेक्षा वरचं.

मलप्रभाकाठ

मी अडखळलो. माझी आई अडखळली नाही. ती म्हणाली, लावताना तेच डोळ्यांपुढं असतं.

शाहपूरचा_वाचक

मला "उभं राहतं" च हवं. आईंचा मान राखून.

दोन्हीकडचा

मला हिरवं. कृष्णधवलचा मुद्दा मोठा आहे.

शिवारकडची

दोन्ही तुकड्यांवर लिहून फोटोखाली आळीपाळीनं चिकटवते. सकाळी पेपर वाचायला येणाऱ्यांमध्ये येळ्ळूर, अनगोळकडची शेतकरी मंडळी असतात. काय आवडलं असं विचारणार नाही, ओळ वाचून ते परत फोटोकडे वळतात का, आणि कुठे बघतात, तेवढंच बघणार.

जुना_उपसंपादक

तेच करा, आणि चार फुटांवरून वाचायला लावा, हातात देऊन नको. शेवटची सूचना छापखान्याबद्दल. पट्टीचा मजकूर देताना ओळ कुठे तोडायची ते स्वतः आखून द्या. स्वल्पविरामापाशी तुटली पाहिजे. तिथल्या माणसानं जागा बघून "मागं सरत जातात, समोर" अशी पहिली ओळ केली तर तुमच्या सगळ्या फेऱ्या वाया जातील, कारण "समोर" आधीच्या ओळीच्या शेपटीला लटकेल आणि थांबा चुकीच्या जागी पडेल. आणि मजकूर त्यांच्या जुन्या फाँटमध्ये नेला की अनुस्वार गळतात. या ओळीत मागं, उभं, राहतं सगळे अनुस्वाराचे. प्रूफ स्वतः बघा, मोबाईलवर नाही, कागदावर.

निपाणीचा_फोटोवाला

सगळं वाचत होतो. माझ्याकडे एक फोटो आहे, मावशीचा. वखारीत तंबाखू निवडायला बसलीय, नाकातोंडावर पदर गच्च बांधलेला, फक्त डोळे दिसतात. मी खाली "कष्टाची भाकरी" लिहिलं होतं. काका, तुमचा प्रश्न मी मलाच विचारला, फोटोत काय येऊ शकत नाही? खकाणा. तिथं पाच मिनिटं उभं राहिलं तरी शिंका थांबत नाहीत. तर असं लिहिलं:

"खकाणा नाकातोंडात जातो म्हणून पदर बांधलाय"

जुना_उपसंपादक

पहिला शब्द अजिबात हलवू नका. निपाणीबाहेरच्या माणसाला तो माहीत नसला तरी "नाकातोंडात" पुढे आहेच, कळेल. "म्हणून" मात्र समजावून सांगतंय. आधी तेवढंच काढून बघा, शेवटाला हात न लावता.

निपाणीचा_फोटोवाला

"खकाणा नाकातोंडात जातो, पदर बांधलाय." असं? आता मधे तुटल्यासारखं वाटतंय.

मलप्रभाकाठ

"जातो" च्या जागी "जाऊ नये" करून बघा की.

निपाणीचा_फोटोवाला

"खकाणा नाकातोंडात जाऊ नये म्हणून..." परत "म्हणून" आलं बघा. आज वहीत दोन्ही लिहून ठेवतो. मावशी रविवारी येणार आहे, तिलाच वाचून दाखवतो.